डॉलरचा दर पक्का करायचा तर फॉरवर्ड की ऑप्शन? दोन लाख डॉलरच्या देण्याचा हिशोब

प्रश्न: आम्ही प्लास्टिकचे दाणे आयात करतो. या आठवड्यात माल बोटीवर चढेल आणि बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून ९० दिवसांनी २ लाख डॉलर द्यायचे आहेत. निम्मा माल एका ग्राहकाला रुपयात ठरलेल्या भावाने जाणार आहे, उरलेला त्या वेळच्या बाजारभावाने विकू. बँक फॉरवर्ड घ्या म्हणते, ओळखीचे एक जण ऑप्शन घ्या म्हणतात. ऑप्शनने रुपयातला खर्च खरंच पक्का होतो का? आणि प्रीमियम किती असला तर तो महाग समजायचा?

उत्तर:

ऑप्शनने खर्च पक्का होत नाही, खर्चाची कमाल मर्यादा पक्की होते. पक्का खर्च हवा असेल तर त्यासाठी फॉरवर्डच आहे, म्हणजे पुढच्या तारखेचे डॉलर आज ठरलेल्या दराने घेण्याचा बँकेशी केलेला करार. डॉलरचा कॉल ऑप्शन घेतलात की ठरलेल्या दराने, म्हणजे स्ट्राइकने, डॉलर विकत घेण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. बाजार वर गेला तर तो हक्क वापरायचा, खाली आला तर सोडून द्यायचा आणि बाजारातून स्वस्त डॉलर घ्यायचे. प्रीमियम द्यायचा तो या खाली उतरण्याच्या मुभेसाठी. त्यामुळे ती मुभा तुमच्या धंद्यात कोणत्या मालावर उपयोगी पडते आणि कोणत्या मालावर वाया जाते, हे आधी पाहावे लागते. तुम्ही निम्म्या-निम्म्या मालाची जी माहिती दिली आहे, तिच्यातच बरेचसे उत्तर आहे.

आधी आकडे मांडू. पुढचे सगळे दर हिशोबासाठी धरलेले आहेत, ते बदलून तुमच्या दिवशीचे घाला. आज स्पॉट, म्हणजे बाजारातला चालू दर, ८५.०० आहे आणि तीन महिन्यांचा फॉरवर्ड बँकेच्या मार्जिनसह ८५.४५ आहे. रुपयावरचा व्याजदर डॉलरवरच्या व्याजदरापेक्षा जास्त असला की पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग मिळतो, ते हे ४५ पैसे. अस्थिरता, म्हणजे बाजार वर्षाकाठी दर किती हलेल असे धरून चालला आहे तो आकडा, ४ टक्के धरू. अशा वेळी बँकेकडून तीन स्ट्राइकचे भाव साधारण असे येतील: ८५.०० चा कॉल ९८ पैशांना, ८५.५० चा ७० पैशांना आणि ८६.५० चा ३२ पैशांना.

बहुतेक आयातदार पहिली चूक इथेच करतात. आजचा दर ८५ आहे, म्हणून ८५ चा स्ट्राइक मागतात आणि ९८ पैसे ऐकून ‘ऑप्शन फार महाग’ म्हणून विषय सोडून देतात. पण तीन महिन्यांनंतरचा डॉलर आजच ८५.४५ ला विकला जातो आहे. तोच डॉलर ८५ ला घेण्याचा हक्क मागितला तर मधले ४५ पैसे बँक प्रीमियममध्ये धरणारच. म्हणजे ९८ पैशांतले जवळजवळ निम्मे फॉरवर्डचेच आहेत, फक्त ते तुम्ही आज रोख भरता, आणि रुपया वधारला तर तेही परत येत नाहीत. ऑप्शनची तुलना स्पॉटशी करू नका, फॉरवर्डशी करा. फॉरवर्डच्या जवळचा स्ट्राइक घेतला की प्रीमियममध्ये फक्त मुभेची किंमत उरते आणि ती महाग की स्वस्त हे मग ठरवता येते.

प्रत्येक स्ट्राइकला स्ट्राइक अधिक प्रीमियम अशी बेरीज करा. तोच तुमचा कमाल दर. ८५.०० ला तो ८५.९८ येतो, ८५.५० ला ८६.२० आणि ८६.५० ला ८६.८२. प्रीमियम करार होताच भरावा लागतो, म्हणून तीन महिन्यांचे व्याजही त्यात धरा. ७० पैशांवर १० टक्क्यांनी ते पावणेदोन पैसे होते. पुढच्या हिशोबात ते सोडून देतो, पण तुम्ही मांडाल तेव्हा सोडू नका.

आता ८५.५० चा स्ट्राइक आणि ८५.४५ चा फॉरवर्ड शेजारी ठेवू. तीन महिन्यांनी डॉलर ८८ झाला तर फॉरवर्डवाल्याला तो ८५.४५ ला पडतो, ऑप्शनवाल्याला ८६.२० ला, आणि काहीच न घेतलेल्याला ८८ ला. डॉलर ८३.५० ला आला तर फॉरवर्डवाल्याला ८५.४५ च मोजावे लागतात. ऑप्शनवाल्याला ८३.५० अधिक ७० पैसे, म्हणजे ८४.२० पडतात. दर ८५.२० च्या आसपास रेंगाळला तर? फॉरवर्ड ८५.४५, ऑप्शन ८५.९०. म्हणजे दर ८४.७५ च्या खाली गेला तरच ऑप्शन फॉरवर्डवर मात करतो, आणि ८५.५० च्या वर कितीही गेला तरी तो फॉरवर्डपेक्षा नेमका ७५ पैशांनी महाग पडतो. दोन लाख डॉलरवर ७५ पैसे म्हणजे दीड लाख रुपये. ऑप्शन घेताना तुम्ही जास्तीत जास्त एवढे गमावू शकता आणि दर ८४.७५ च्या खाली जाईल तसे कमावू शकता. हा व्यवहार तुम्हाला हवा आहे का, असा प्रश्न स्वतःला विचारा.

ठरलेल्या भावाने जाणाऱ्या निम्म्या मालासाठी माझे उत्तर ‘नको’ असे आहे. तिथे तुमची विक्री रुपयात गोठलेली आहे. खर्चही रुपयात गोठवला की नफा हातात आला. डॉलर खाली गेला तर आणखी थोडे मिळाले असते हे खरे, पण त्यासाठी प्रीमियम भरणे म्हणजे रुपया वधारेल यावर पैसे लावणे, आणि तो तुमचा धंदा नाही. त्या १ लाख डॉलरचा फॉरवर्ड घ्या.

बाजारभावाने विकायच्या मालाची गोष्ट उलटी आहे. प्लास्टिकच्या दाण्यांचा देशातला भाव आयातीच्या भावाला बांधलेला असतो. समजा तुम्ही सगळे डॉलर ८५.४५ ला बांधून घेतले आणि तीन महिन्यांनी डॉलर ८३.५० ला आला. शेजारच्या व्यापाऱ्याने काहीच बांधलेले नाही. त्याचा माल डॉलरमागे दोन रुपयांनी स्वस्त पडला, तो भाव उतरवणार आणि ग्राहक त्याच्याकडे जाणार. तुमचा खर्च तेवढा पक्का झाला, विक्रीचा भाव मात्र रुपयाबरोबर खाली गेला. अशा मालावर फॉरवर्डने धोका संपत नाही, तो दुसऱ्या बाजूने येतो. वरच्या बाजूला विक्रीचा भाव डॉलरबरोबर चढतो खरा, पण उशिरा चढतो आणि मागणी मंद असेल तर पूर्ण चढतही नाही, त्यामुळे तिथेही काही हमी हवीच. वर मर्यादा आणि खाली मुभा असलेला ऑप्शन इथे आपल्या किमतीला उतरतो.

म्हणून तुमच्यासाठी मी असे मांडेन: १ लाख डॉलर फॉरवर्डने ८५.४५ ला, म्हणजे ८५,४५,००० रुपये. उरलेल्या १ लाखाला ८५.५० चा कॉल, प्रीमियम ७०,००० रुपये. डॉलर कुठेही गेला तरी एकूण खर्च १,७१,६५,००० च्या वर जाणार नाही, म्हणजे सरासरी ८५.८३ च्या आत राहील. खाली आला तर निम्म्या मालावर तुम्ही बाजाराबरोबर उतराल, आणि नेमका तोच माल बाजाराबरोबर उतरायला हवा आहे.

स्ट्राइक निवडताना बाजाराचा अंदाज बांधत बसू नका, आपल्या कॉस्टिंगच्या कागदाकडे पाहा. कोणत्या दराला त्या मालावर तोटा सुरू होतो, तो आकडा काढा. समजा तो ८६.४० आला. मग ८६.५० चा ३२ पैशांचा स्वस्त ऑप्शन तुमच्या कामाचा नाही, कारण त्याची कमाल मर्यादा ८६.८२ आहे आणि तो तुम्हाला तोट्यात नेऊन मग वाचवतो. ८५.५० चा ८६.२० ला थांबतो, तो चालेल. तोट्याचा दर ८८ असता तर मात्र मीच तुम्हाला ८६.५० चा घ्यायला सांगितले असते.

ऑप्शन घ्यायचे आणखी एक चांगले कारण म्हणजे अनिश्चित ऑर्डर. तुमचा माल चढतो आहे, म्हणून तुम्हाला ही अडचण नाही. पण ऑर्डर रद्द होण्याची शक्यता असेल तेव्हा फॉरवर्ड त्रासदायक ठरतो. २ लाख डॉलर ८५.४५ ला बांधले, ऑर्डर रद्द झाली आणि बाजार ८३.५० वर आहे, तर फॉरवर्ड मोडताना १ रुपया ९५ पैशांचा फरक, म्हणजे ३ लाख ९० हजार रुपये, तुमच्या खात्यातून जातात. तेही न आलेल्या मालासाठी. ऑप्शनवाल्याचे गेले असते ते प्रीमियमचे १ लाख ४० हजार, आणि ते त्याने पहिल्याच दिवशी खर्ची टाकलेले असतात. शिवाय फॉरवर्डसाठी बँक तुमची कर्जाची लिमिट अडवते किंवा मार्जिन म्हणून रक्कम ठेवायला सांगते. विकत घेतलेल्या ऑप्शनला प्रीमियम भरल्यानंतर तसले काही लागत नाही. लिमिट कच्च्या मालाच्या एलसीतच, म्हणजे पुरवठादाराला दिलेल्या बँकेच्या हमीतच, संपलेली असते अशा कारखान्यांना या एका कारणासाठी ऑप्शन घेताना मी पाहिले आहे, आणि त्यांचे गणित बरोबर होते.

आता प्रीमियम महाग की रास्त, हे कसे ओळखायचे. फॉरवर्डच्या जवळच्या स्ट्राइकसाठी एक सोपे सूत्र आहे, ते कॅल्क्युलेटरवरही होते:

```
प्रीमियम ≈ ०.४ × दर × अस्थिरता × √(दिवस ÷ ३६५)
०.४ × ८५.५ × ०.०४ × √(९० ÷ ३६५) ≈ ०.६८ रुपये
```

म्हणजे सुमारे ६८ पैसे. व्याजाची वजावट आणि फॉरवर्डपेक्षा पाच पैसे वरचा स्ट्राइक धरला तर नेमका आकडा थोडा कमी, ६३ पैशांच्या आसपास येतो. त्यावर बँकेने ७० सांगितले तर सहा-सात पैसे तिचे मार्जिन, ते मला रास्त वाटते. तुमच्यासाठी तिने १ रुपया १० पैसे सांगितले तर सूत्र उलटे चालवा. तेवढ्या प्रीमियमला अस्थिरता साडेसहा टक्क्यांच्या आसपास निघते. रुपया-डॉलरच्या ऑप्शनच्या अस्थिरतेचे आकडे एफबीआयएल ही बाजाराचे संदर्भ दर ठरवणारी संस्था रोज जाहीर करते. त्यात तीन महिन्यांचा आकडा ४ च्या जवळ असेल आणि तुम्हाला साडेसहाने विकत असतील, तर उरलेले सगळे मार्जिन आहे. बँकेच्या ट्रेझरीच्या, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या विभागाच्या, डीलरला सरळ विचारा, ‘व्होलॅटिलिटी किती धरलीत?’ असे विचारणाऱ्या ग्राहकाचा भाव बदलताना मी डीलरच्या खुर्चीत बसून पाहिले आहे. दुसरी तपासणी म्हणजे त्याच मिनिटाला, त्याच स्ट्राइकच्या पुटचाही, म्हणजे त्या दराने डॉलर विकण्याच्या हक्काचाही, भाव मागायचा. कॉल आणि पुट यांच्या भावांतला फरक हा फॉरवर्ड आणि स्ट्राइक यांच्यातल्या फरकाएवढा असायला हवा. आपल्या उदाहरणात तो पाच पैसे आहे. कॉल ७० ला आणि पुट ७५ च्या आसपास सांगितला तर दोन्हीकडचे मार्जिन सारखे आहे. तुम्ही आयातदार आहात हे ठाऊक असल्याने कॉल फुगवला असेल तर तो लगेच उघडा पडतो.

हे सूत्र आणखी एक गोष्ट शिकवते. प्रीमियम अस्थिरतेच्या सरळ प्रमाणात वाढतो. ४ ची १२ झाली की ६८ पैशांचे दोन रुपये होतात. २०१३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ५४ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला तो ६८ च्या पुढे गेला आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा ६१-६२ वर आला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घाबरून फॉरवर्ड बांधणाऱ्यांना दीड महिन्यात डॉलरमागे सहा-सात रुपयांचे दुःख झाले. ऑप्शन अशा वेळेसाठीच असतो, पण अशा वेळी तो सगळ्यात महाग असतो. बाजार शांत असताना, कोणाला गरज वाटत नसताना तो घेणाऱ्यालाच परवडतो. तरीही घबराटीच्या दिवशी एखादे देणे उघडे असेल आणि फॉरवर्डचा दर गळ्याशी आलेला असेल, तर थोडा वरचा स्ट्राइक आणि थोडी कमी मुदत घेऊन प्रीमियम आवाक्यात आणता येतो. मुदत संपताना वादळ ओसरले आहे का ते पाहून पुढचे ठरवता येते.

ऑप्शन घेतल्यावर एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत, तो कपाटात ठेवायचा, असेही काही नाही. समजा ४५ दिवसांनी रुपया वधारला आणि उरलेल्या मुदतीचा फॉरवर्ड ८४.०० ला मिळू लागला. तुम्ही तेव्हा फॉरवर्ड बांधू शकता. दर ८४.०० अधिक आधीचे ७० पैसे, म्हणजे ८४.७०. जुना ऑप्शन बँकेला परत विकला तर तीन-चार पैसे येतील, ते वजा केले की ८४.६६ किंवा ८४.६७. पहिल्या दिवशीच्या फॉरवर्डपेक्षा हे जवळजवळ ८० पैशांनी स्वस्त झाले. ऑप्शन परत विकायला विसरू नका. एकाच देण्यावर दोन हेज, म्हणजे दराच्या संरक्षणाचे दोन करार, ठेवता येत नाहीत, हेजची एकूण रक्कम देण्यापेक्षा जास्त असू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खरे सांगायचे तर ऑप्शनचा फायदा मी बहुतेक वेळा असाच पदरात पडताना पाहिला आहे. एक्स्पायरीच्या दिवशी नेमका तळ सापडणे हा योग असतो, मधल्या घसरणीत फॉरवर्ड बांधणे हे ठरवून करता येते. त्यासाठी ऑप्शन घेतानाच ‘फॉरवर्ड अमुक दराला आला की बांधायचा’ असा एक आकडा लिहून ठेवा.

आता तारखेकडे या, कारण ऑप्शनमध्ये सर्वांत जास्त पैसे मी तारखेमुळेच जाताना पाहिले आहेत. तुमचे ९० दिवस बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून मोजले जातात, आजपासून नाही. बोटीला जागा मिळाली नाही, माल पंधरा दिवस बंदरात पडला, तर देण्याची तारीखही पंधरा दिवस पुढे जाते. रिटेल ग्राहकाला मिळतो तो ऑप्शन युरोपियन पद्धतीचा असतो, म्हणजे तो एकाच दिवशी वापरता येतो. माझ्याकडे आलेल्या एका आयातदाराने ठरल्या तारखेपर्यंतचा ऑप्शन घेतला होता. माल तीन आठवडे उशिरा चढला. एक्स्पायरीला दर स्ट्राइकच्या थोडा खाली होता, म्हणून ऑप्शन शून्यावर संपला. पुढच्या तीन आठवड्यांत डॉलर दीड रुपयाने चढला. प्रीमियमही गेला आणि संरक्षणही नव्हते, तेव्हा ‘ऑप्शन म्हणजे फसवणूक’ असे त्यांचे मत झाले. चूक करारात नव्हती, तारखेत होती.

इथे मुदत वाढवणे वाटते तेवढे महाग नसते, कारण प्रीमियम दिवसांच्या वर्गमुळाने वाढतो. स्ट्राइक नव्या मुदतीच्या फॉरवर्डजवळ ठेवून ९० ऐवजी ११० दिवसांचा ऑप्शन घेतला तर प्रीमियम साधारण दहा टक्क्यांनी, म्हणजे सात पैशांनी वाढेल. १ लाख डॉलरवर सात हजार रुपये. माल वेळेवर आला आणि ९० व्या दिवशी पैसे भरले, तर उरलेल्या वीस दिवसांचा ऑप्शन त्या वेळच्या किमतीला बँकेला विकून टाका. बिल ऑफ लेडिंग हातात येईपर्यंत मी नेहमी अशी ढील ठेवायला सांगतो. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे एक्स्पायरीचा दिवस आणि डॉलर मिळण्याचा दिवस वेगळे असतात, मध्ये सहसा कामकाजाचे दोन दिवस जातात. करारात दोन्ही तारखा लिहिलेल्या असतात. डॉलर मिळण्याची तारीख देण्याच्या तारखेशी जुळवा.

प्रीमियम कमी करण्यासाठी बँक तुम्हाला कॉल स्प्रेड सुचवेल. ८५.५० चा कॉल घ्यायचा आणि त्याच वेळी ८७.०० चा कॉल विकायचा. नियमाने तुमच्यासारख्या रिटेल ग्राहकाला हे चालते. वरचा कॉल विकून १३ पैसे आले तर प्रीमियम ७० वरून ५७ वर येतो. पण ८७ च्या वर संरक्षण संपते. डॉलर ८९ झाला तर स्प्रेड तुम्हाला फक्त दीड रुपया देतो आणि तुमचा दर ८९ अधिक ५७ पैसे वजा दीड रुपया, म्हणजे ८८.०७ पडतो. मोठ्या उसळीची भीती म्हणून हमी घ्यायची आणि तेरा पैशांसाठी नेमकी मोठी उसळच उघडी टाकायची, हे मला पटत नाही. त्यापेक्षा थोड्या वरच्या स्ट्राइकचा साधा कॉल घ्या, त्याला वर कुठेही भोक नसते. ‘झीरो कॉस्ट’ म्हणून येणाऱ्या रचनांत तुम्ही कुठेतरी ऑप्शन विकलेला असतो आणि खर्च तिथे लपलेला असतो. २००७-०८ मध्ये अनेक निर्यातदार असल्या करारांत अडकले आणि वाद न्यायालयात गेले. लहान ग्राहकाला सुटा ऑप्शन विकू न देणारे आजचे नियम मला म्हणूनच योग्य वाटतात.

शेअर बाजारातूनही हे करता येईल का, असे तुमचे ओळखीचे विचारतील. एनएसईवर रुपया-डॉलरचे ऑप्शन २०१० पासून आहेत. एक करार १,००० डॉलरचा, म्हणजे तुम्हाला १ लाखासाठी १०० करार लागतील. भाव पडद्यावर दिसतो, मार्जिन लपत नाही, हा मोठा फायदा. पण तिथे डॉलर मिळत नाहीत, फक्त रुपयातला फरक मिळतो, आणि तो एफबीआयएलच्या त्या दिवसाच्या संदर्भ दराने ठरतो. डॉलर तुम्हाला बँकेकडून वेगळ्या वेळी, वेगळ्या दराने घ्यावेच लागतात. मासिक करार महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाआधी दोन दिवस संपतो. तुमचे देणे महिन्याच्या मध्यावर असेल तर तारीख जुळत नाही. शिवाय प्रत्यक्ष देणे-येणे असलेल्यानेच तिथे व्यवहार करावा, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. ३ मे २०२४ पासून ते लागू झाल्यावर सट्टेवाले बाहेर पडले आणि उलाढाल खूप आटली. तीन महिन्यांपुढच्या स्ट्राइकला समोर विकणाराच नसेल, तर पडद्यावरच्या भावाचा उपयोग नाही. तुमच्या रकमेला आणि मुदतीला बँकच सोयीची आहे. एक्सचेंजचा जवळच्या महिन्याचा भाव तुलनेला मात्र जरूर पाहा.

एक खर्च या सगळ्याबाहेर राहतो, तो म्हणजे सीमाशुल्क. शुल्क लावताना मालाची किंमत सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेल्या दराने रुपयात मोजतात, तुमच्या फॉरवर्डच्या किंवा स्ट्राइकच्या दराने नाही. मूळ शुल्क साडेसात टक्के धरले तर २ लाख डॉलरवर ते १५ हजार डॉलरच्या बरोबरीचे होते. म्हणजे दर एक रुपयाने चढला की शुल्कात १५ हजार रुपये वाढतात. तुमचा माल मात्र देण्याच्या तारखेच्या बराच आधी बंदरावर येईल, त्यामुळे हा धोका काही आठवड्यांचाच आहे. मी त्याला वेगळा हेज घेणार नाही, पण कॉस्टिंगमध्ये शुल्क ८५ ने न धरता ८६ ने धरेन.

आणि एक्स्पायरीच्या दिवसाबद्दल. ऑप्शन वापरायचा असेल तर ते बँकेला किती वाजेपर्यंत आणि कसे कळवायचे, हे करारात वाचून ठेवा. फायद्यातला ऑप्शन बँक आपोआप वापरते की तुम्हाला लेखी कळवावे लागते, हे आधीच लिहून घ्या. दर स्ट्राइकच्या खाली असेल तर ऑप्शन सोडून तुम्ही बाजारातून डॉलर घ्याल, आणि तिथेच मिळालेला फायदा गळतो. शाखेत नुसते ‘पेमेंट करा’ म्हणून कागद दिले तर कार्ड रेट, म्हणजे शाखेचा छापील दर, लागतो आणि त्यात भरपूर मार्जिन असते. ट्रेझरीला फोन करून आंतरबँक दर काय चालू आहे आणि त्यावर किती पैसे लावणार, हे दोन आकडे वेगवेगळे विचारा. डॉलर त्याच दिवशी हवे असतील तर स्पॉटच्या दरातून दोन दिवसांचे फॉरवर्ड प्रीमियम, म्हणजे सुरुवातीच्या त्या ४५ पैशांतला दोन दिवसांचा वाटा, वजा व्हायला हवे. ते अर्धा-एक पैसाच असते, पण वजा केले का हे विचारलेत की समोरचा बाकीचा दरही नीट देतो.